गोंगाट उतरल्यावर उरलेली चाल

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओत निर्वाणा हा बँड 'एमटीव्ही अनप्लग्ड'च्या चित्रीकरणासाठी मंचावर आला. गायक-गीतकार कर्ट कोबेन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मंचावर लिलीची पांढरी फुलं आणि काळ्या मेणबत्त्या होत्या. ही सजावट त्यानेच सांगितली होती. समोर लहानसा श्रोतृवर्ग होता. या बँडची जगभरची ओळख म्हणजे कानठळ्या बसवणारी गिटार, फाटलेला आवाज आणि जीव खाऊन बडवलेले ड्रम. त्या संध्याकाळी यातलं जवळजवळ सगळं बाजूला ठेवायचं होतं.

कार्यक्रमाची कल्पना साधी होती. १९८९ मध्ये अमेरिकेत तो सुरू झाला, तेव्हा विजेच्या गिटारी घरी ठेवून गायकांनी लाकडी, पोकळ गिटार घेऊन बसायचं आणि आपलीच गाणी पुन्हा म्हणायची, एवढंच ठरलं होतं. १९९२ मध्ये एरिक क्लॅप्टनने 'लैला' हे आपलं १९७० चं धगधगतं गाणं असंच संथ करून, खालच्या आवाजात गायलं. त्या कार्यक्रमाच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि सगळ्यांना हे दालन खुणावू लागलं. पण क्लॅप्टन मुळात ब्लूजमध्ये मुरलेला वादक. लाकडी गिटार त्याच्या हाताला परकी नव्हती. निर्वाणाची परीक्षा अधिक कठीण होती, म्हणूनच मला ती अधिक मोलाची वाटते.

गोंगाट काढला की नेमकं काय निघून जातं, हे आधी समजून घ्यायला हवं. रॉकमधल्या विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो; त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. त्यामुळे एकदा छेडलेला स्वर लांबवर टिकतो आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा आपोआप भरून निघते. पण अशा फाटलेल्या आवाजात तीन-चार वेगवेगळे स्वर एकत्र वाजवले, तर त्यांचा चिखल होतो. म्हणून वादक बहुतेकदा दोनच स्वर वाजवतात, षड्ज आणि पंचम. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आपल्या तंबोऱ्यात जसा सा आणि प यांचा आधार असतो, तसंच हे. त्यात गांधार नसतो, त्यामुळे सुरावट आनंदी की उदास हे गिटार सांगतच नाही. ते काम एकट्या गळ्यावर पडतं, आणि गळा त्या गदारोळात अर्धा बुडालेला असतो.

लाकडी गिटारीवर याच्या उलट घडतं. स्वर छेडला की तो लगेच विरू लागतो. भरलेल्या कॉर्ड वाजवल्या की कोमल किंवा शुद्ध गांधार स्पष्ट ऐकू येतो, आणि गाणं कोणत्या भावात उभं आहे हे लपत नाही. मधली जागा रिकामी राहते, ती चालीला भरावी लागते. चाल कच्ची असेल तर दुसऱ्या कडव्यातच ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. गायकाचीही सोय जाते. 'नेव्हरमाइंड' या १९९१ च्या अल्बममध्ये निर्माता बुच विगने कोबेनकडून एकच ओळ दोनदा गाऊन घेतली होती आणि ते दोन आवाज एकावर एक बसवले होते. कोबेनला ही युक्ती पसंत नव्हती. जॉन लेननही असंच करायचा, असं सांगून विगने त्याला राजी केलं. अनप्लग्डच्या मंचावर मात्र एकच गळा, एकदाच.

निर्वाणाने त्या संध्याकाळी पहिलंच गाणं निवडलं 'अबाउट अ गर्ल'. ते त्यांच्या पहिल्या अल्बममधलं, म्हणजे 'ब्लीच'मधलं. १९८९ चा हा अल्बम जेमतेम सहाशे डॉलरांत ध्वनिमुद्रित झाला होता. हे गाणं लिहिण्याआधी कोबेनने एक अख्खी दुपार बीटल्सचा एकच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकण्यात घालवली होती, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. अनप्लग्डमध्ये ऐकताना तो धागा लगेच हाती लागतो. कडव्याला फक्त दोन कॉर्ड आहेत, एक उदास आणि एक उजळ. गिटार त्या दोघींमध्ये झुलत राहते. त्या झुलण्यावर चाल छोट्या छोट्या तुकड्यांत येते. प्रत्येक तुकडा आधीच्याला थोडासा वळवून उत्तर देतो. मग मुखडा येतो आणि गाणं एकाएकी परक्या स्वरांवर उडी मारतं. कडव्याच्या सुरावटीत जे बसत नाहीत, अशा कॉर्डवर ते जाऊन उभं राहतं. नात्यात अडकलेल्या, आळसावलेल्या माणसाची तक्रार शब्दांत आहे, आणि ती उडी त्या तक्रारीतली अस्वस्थता दाखवते. मूळ ध्वनिमुद्रणातही हे सगळं होतंच. पण आजूबाजूची बाकीची गाणी इतकी खरखरीत होती की बहुतेकांनी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

दुसरं उदाहरण 'पेनीरॉयल टी'चं. हे गाणं सप्टेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'इन यूटरो' अल्बममध्ये आहे. तिथे कडवं दबक्या आवाजात आणि मुखडा स्फोटासारखा, अशी निर्वाणाची ठरलेली रचना आहे. अनप्लग्डमध्ये ते कोबेनने एकट्याने, फक्त स्वतःच्या गिटारीवर गायलं. सुरू करण्याआधी, हे मी एकटाच गाऊ का, असं तो सोबत्यांना विचारतो आणि कोणत्या पट्टीत गावं याबद्दलही घुटमळतो. ते संभाषण अल्बमवर तसंच ठेवलं आहे. इथे स्फोट करायला हाताशी काही नाही. मुखडा उंच जातो तो फक्त स्वरांच्या चढण्यामुळे. पोटाच्या दुखण्याने गांजलेला, झोप हरवलेला, औषधी काढा पिणारा माणूस या शब्दांतून प्रथमच नीट दिसतो. अल्बमवर याच ओळींत मला मुख्यतः संताप ऐकू यायचा. इथे थकवा ऐकू येतो, आणि शब्द नीट वाचले तर ते थकव्याचेच आहेत. गाण्याचा अर्थ बदलला नाही. जो लिहिला होता तो कानापर्यंत पोचला.

वाद्यांची मांडणीही विचारपूर्वक केली होती. डेव्ह ग्रोल इतक्या जोरात ड्रम वाजवायचा की लाकडी गिटारी त्याखाली गाडल्या गेल्या असत्या. निर्माता ॲलेक्स कोलेटीने त्याला ब्रश आणि हलक्या काड्या आणून दिल्या, आणि त्याने त्या खरोखर वापरल्या. लॉरी गोल्डस्टनच्या चेलोने वेगळंच काम केलं. लाकडी गिटारीचा स्वर विरतो तिथे चेलोचा लांब स्वर आधार धरून ठेवतो. 'ऑल अपॉलॉजीज'मध्ये कडवं जवळजवळ एकाच आधारस्वरावर फिरतं. चेलोमुळे तो आधार तुटत नाही.

आता एक प्रामाणिक हिशेब. कार्यक्रमाचं नाव अनप्लग्ड असलं, तरी कोबेनची गिटार तारेने जोडलेलीच होती. त्याला स्वतःचा अँप्लिफायर हवा होता, आणि तो मंचावर झाकून ठेवला होता. डेव्हिड बोवीच्या 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'मध्ये विजेच्या गिटारीचा तो फाटका स्वर स्वच्छ ऐकू येतो. शिवाय काही गाणी आधीपासूनच हळुवार होती. 'पॉली' आणि 'समथिंग इन द वे' मूळ अल्बमवरही लाकडी गिटारीवरच आहेत. म्हणजे चौदा गाण्यांपैकी खऱ्या अर्थाने सोलली गेलेली गाणी थोडीच.

आणि काही गाणी कोबेनने सोलायला घेतलीच नाहीत. जगाला माहीत असलेलं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' त्या यादीत नाही. वाहिनीला लोकप्रिय गाणी हवी असणार हे उघड आहे, पण बँडने त्यातलं एकच गाणं घेतलं, 'कम ॲज यू आर'. मला ही निवड लेखकाची वाटते. 'टीन स्पिरिट'मध्ये जवळजवळ सगळीकडे त्याच चार कॉर्ड फिरतात. त्याची सारी रचना दबलेलं कडवं आणि फुटणारा मुखडा यांच्यातल्या अंतरावर उभी आहे. ते अंतर काढलं की गाण्याचा कणाच मोडतो. ते गाणं कमी दर्जाचं आहे असं यातून सिद्ध होत नाही. त्याचं कौशल्य आवाजाच्या चढउतारात आहे. लाकडी गिटारीची कसोटी चाल आणि शब्द तपासते. आवाजाच्या पोतातून गाणं घडवणाऱ्या लेखकाला ती न्याय देऊ शकत नाही.

चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती, आणि त्यातली तीन ॲरिझोनाच्या मीट पपेट्स या फारसा गाजावाजा नसलेल्या बँडची. त्या बँडचे कर्कवूड बंधू स्वतः मंचावर येऊन वाजवत होते, तेव्हा कोबेनने गिटार बाजूला ठेवून फक्त गायलं. ती पट्टी त्याच्या गळ्याला सोयीची नव्हती आणि ताण जाणवतो. स्वतःच्या गाण्यांशेजारी ही गाणी ठेवून तो जणू सांगत होता की माझी चाल इथून येते.

शेवटचं गाणं होतं एक जुनं अमेरिकी लोकगीत, जे लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने १९४० च्या दशकात ध्वनिमुद्रित केलं होतं. त्याला एकच एक असा लेखक नाही. प्रश्न आणि उत्तर, थंडी, पाइनचं रान, एक मृत्यू. पिढ्यान्‌पिढ्या गाऊन गाऊन त्यातलं जादा सगळं झडून गेलं आहे. कोबेन ते बराच वेळ खाली, जवळजवळ बोलल्यासारखं गातो. शेवटच्या कडव्यात मात्र तो वरच्या सप्तकात जातो, आवाज चिरतो, आणि संपण्याआधी क्षणभर थांबून श्वास घेतो. त्यानंतर आणखी एक गाणं गा, असा आग्रह झाला. त्याने नकार दिला. याहून वर जाता येणार नाही, हे त्याला कळलं होतं.

कार्यक्रम १६ डिसेंबर १९९३ रोजी प्रसारित झाला. एप्रिल १९९४ मध्ये कोबेनने आयुष्य संपवलं आणि नोव्हेंबरमध्ये अल्बम आला, तेव्हा लोकांनी तो निरोप म्हणून ऐकला. त्या दुःखाचा रंग अजूनही या गाण्यांवर आहे, आणि त्यामुळे काही जण त्यांना आहे त्याहून मोठं मानतात, हेही खरं. म्हणून ज्यांना स्वतः पारखायचं आहे त्यांनी एक करावं. 'ब्लीच'मधलं 'अबाउट अ गर्ल' आधी ऐकावं, आणि लगेच त्यानंतर अनप्लग्डमधलं. दोन्ही वेळा फक्त मुखडा सुरू होतो त्या क्षणाकडे कान ठेवावा. ती उडी पहिल्या ध्वनिमुद्रणातही तितकीच स्पष्ट आहे, हे लक्षात येईल.