हिरवा ठिपका आणि तपकिरी त्रिकोण

श्रावणातला शनिवार. किराणा दुकानाच्या फळीसमोर एक बाई केकचं पाकीट हातात घेऊन उभी असते. नातवाचा वाढदिवस नेमका श्रावणात आलेला, आणि घरात महिनाभर अंडंसुद्धा चालत नाही. पाकिटावर केकचं चकचकीत चित्र आहे, किंमत आहे, पण घटकांची यादी इतक्या बारीक अक्षरांत आहे की चष्मा लावूनही ती वाचवत नाही. ती विचारते, "दादा, यात अंडं आहे का हो?" दुकानदार गल्ल्यावरूनच सांगतो, "ताई, ठिपका बघा ना." ती पाकीट उजेडाकडे धरते, नावाशेजारचा छोटा चौकोन शोधते आणि पाकीट पुन्हा फळीवर ठेवून दुसरं उचलते.

हे सगळं उरकायला दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत. भारतात पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहारी-मांसाहारी असं चिन्ह छापायची सक्ती झाली ती २००१ मध्ये, अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत बदल करून. आधी मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी चिन्ह आलं, मग शाकाहारी पदार्थांसाठी हिरवं. चौकोनाची कड आणि आतला भरीव गोल एकाच रंगाचे. बोलताना सगळेच 'लाल ठिपका' म्हणतात, पण खाद्यपदार्थांच्या नियमांत लाल रंग कुठेच नाही. तिथे पहिल्यापासून तपकिरीच लिहिलेला आहे. हिरव्याच्या समोर लाल उभा करायची सवय आपल्याला सिग्नलने लावली, आणि छपाईत तपकिरी थोडा तांबूस उतरला की डोळे त्याला लालच समजतात.

या चिन्हामागची व्याख्या नीट समजून घेण्यासारखी आहे. पदार्थात कोणत्याही प्राण्याचा, पक्ष्याचा, माशाचा किंवा कीटकाचा अंश असेल, अंडं असेल किंवा प्राण्यापासून मिळवलेलं काहीही असेल, तर तो मांसाहारी. मात्र याला ठरावीक अपवाद आहेत. दूध, दुधाचे पदार्थ, मध आणि मधमाशांचं मेण यांना त्यातून वगळलेलं आहे. लाखेलाही वगळलं आहे. लाख हा एका किड्याचा स्राव. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला तो वापरतात. म्हणजे हिरवा ठिपका भारतीय घरांतल्या रूढ शाकाहाराची रेघ ओढतो, प्राणिशास्त्राची नव्हे. ज्यांना दूधही वर्ज्य आहे त्यांना हा ठिपका पुरत नाही. त्यांच्यासाठी अलीकडे वेगळं हिरवं चिन्ह ठरवलं गेलं आहे. आणि अंडं? अनेक घरांत अंडं चालतं पण मटण चालत नाही, आणि तपकिरी चिन्ह मात्र दोघांना एकच मानतं. फक्त अंडंच असेल तर उत्पादक तसं सोबत लिहू शकतो, पण त्याच्यावर सक्ती नाही. श्रावणातल्या त्या बाईला याने फरक पडत नाही. एरवी अंडं खाणाऱ्या माणसाला मात्र पडतो, आणि त्याला शेवटी ती बारीक यादीच वाचावी लागते.

चिन्ह कुठे आणि केवढं छापायचं, हेही ठरलेलं आहे. ते पाकिटाच्या दर्शनी बाजूला, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर हवं. बारा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच असं वेफर्सचं पाकीट घेतलं तर दर्शनी भाग १८० चौरस सेंटिमीटर होतो. १०० ते ५०० चौरस सेंटिमीटरच्या पाकिटावर गोलाचा व्यास निदान चार मिलिमीटर हवा आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ. पाच रुपयांच्या छोट्या पाकिटाचा दर्शनी भाग शंभर चौरस सेंटिमीटरच्या आतला. तिथे तीन मिलिमीटरवर भागतं. तीन मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या मोठ्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा. चॉकलेटी रंगाच्या पाकिटावर एवढासा तपकिरी ठिपका टाकला तर तो विरघळूनच जाईल. पार्श्वभूमीचा नियम आहे तो त्यासाठी. बहुतेक वेळा ठिपक्यामागे पांढरा चौकोन दिसतो, त्याचंही कारण हेच.

आता हा निरोप अक्षरांऐवजी रंगावर का सोपवला? महाराष्ट्रात तरी याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. १९९९ पासून शिधापत्रिका पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तीन रंगांत मिळू लागल्या. उत्पन्नाची मर्यादा किती, हे फार थोड्यांना आठवतं. 'आमचं केशरी कार्ड आहे' हे मात्र सगळ्यांना सांगता येतं, न वाचणाऱ्या माणसालाही. घरचा गॅस सिलिंडर लाल आणि हॉटेलचा निळा. हॉटेलात लाल सिलिंडर दिसला की तपासायला आलेल्याला कागद बघावा लागत नाही. रंग लांबून दिसतो, त्याला मराठी-तमिळ-बंगालीचा अडसर नाही, आणि डोळा आकार ओळखण्याआधीच त्याच्याकडे वळतो. वीस पाकिटं शेजारी शेजारी ठेवली तर त्यातलं एखादं अक्षर शोधायला एकेक पाकीट चाळावं लागतं. वेगळा रंग मात्र आपणहून समोर येतो. तीन मिलिमीटरच्या जागेत 'शाकाहारी' हा शब्द वाचता येईल असा बसणारही नाही.

पण रंगाचा अर्थ रंगात नसतो, तो ठरवावा लागतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरही रंग असतात. तिथे चिठ्ठीवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. ते विषच आहे. एकाच शेतकऱ्याच्या घरात फरसाणाच्या पाकिटावरचा हिरवा आणि फवारणीच्या बाटलीवरचा हिरवा दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. म्हणून 'हिरवं आहे ना, मग चांगलं' हा हिशेब धोक्याचा. आणि काही रंगांना तर अर्थच नसतो. टूथपेस्टच्या ट्यूबच्या तळाशी छोटी रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे रसायनं, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ती पट्टी फक्त यंत्राच्या डोळ्यासाठी असते. ट्यूब कुठे कापायची आणि कुठे बंद करायची, हे यंत्राला तिच्यावरून कळतं. ग्राहकाला ती काहीच सांगत नाही.

रंगावर एकट्यानेच भिस्त ठेवली की काय होतं, ते खुद्द ठिपक्याच्या बाबतीतच दिसलं. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन, लालसर आणि हिरवट उजेड टिपणाऱ्या, एकमेकींच्या फार जवळच्या आहेत. त्यांपैकी एक नसली किंवा तिची जागा सरकलेली असली, तर हिरवा आणि तपकिरी दोन्ही एकाच मळकट पिवळसर छटेचे दिसतात. या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा दोष मुख्यतः पुरुषांत आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर बारांमध्ये एकाला तो असतो. भारतात प्रमाण त्याहून कमी आहे, पण एवढ्या मोठ्या देशात तेही कोटीच्या वर जातं. यातल्या कित्येकांना आपल्याला असं काही आहे, हे ठाऊकही नसतं. अशा माणसासाठी हिरवा गोल आणि तपकिरी गोल म्हणजे दोन सारखेच गोल. बाजारहाट त्यानेच केली तर श्रावणात घरी काय येईल, याची खात्री कोण देणार?

उपाय साधा होता, पण यायला जवळजवळ वीस वर्षं लागली. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी मांसाहारी पदार्थांच्या चौकोनातला गोल काढून तिथे तपकिरी त्रिकोण आणला. शाकाहारी गोलच राहिला. आता रंग दिसला नाही तरी आकार सांगतो. दुकानात मंद दिवा असला, पाकीट उन्हाने फिकं पडलं असलं किंवा त्याची काळी-पांढरी छायाप्रत काढली, तरी त्रिकोण त्रिकोणच राहतो. रस्त्यावरच्या सिग्नलला ही अक्कल कधीपासून आहे: लाल नेहमी वर, हिरवा खाली. जागेवरून कळतं म्हणून रंग न ओळखणारा माणूसही तिथे थांबतो.

रंग आणि आकार बरोबर छापले, तरी ते खरे आहेत का, हा प्रश्न उरतोच. ठिपका ही उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते. एखाद्या प्रयोगशाळेने पाकीट तपासून मारलेला शिक्का नसतो. झटपट नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीवर किंवा वेफर्सवर 'स्वादवर्धक ६२७, ६३१' असं लिहिलेलं सापडतं. ६३१ हा पदार्थ मांस किंवा माशापासून काढता येतो, तसाच टॅपिओकासारख्या पिकाचा स्टार्च आंबवूनही काढता येतो. आकडा दोन्हीकडे तोच. यादी वाचून उगम कळत नाही. तो फक्त उत्पादकाला आणि त्याला कच्चा माल पुरवणाऱ्याला माहीत असतो. हा प्रश्न डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की घटकाचं नुसतं नाव किंवा आकडा देऊन भागणार नाही. तो वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की प्रयोगशाळेत बनवलेला, हेही उघड करावं लागेल. प्रमाण कितीही थोडं असो, प्राण्याचा अंश असेल तर पदार्थ मांसाहारीच. म्हणून ६३१ बघून घाबरायचं कारण नाही. शेजारी हिरवा गोल असेल तर 'हा वनस्पतीपासूनचा आहे' अशी जबाबदारी उत्पादकाने घेतलेली असते. ती खोटी निघाली तर चुकीच्या लेबलबद्दल अन्न सुरक्षा कायद्यात तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि महाराष्ट्रात तक्रार घ्यायला अन्न व औषध प्रशासन आहे.

ठिपक्याला जे विचारता येत नाही, तेही थोडकं नाही. त्यात साखर किती, मीठ किती, तेल कोणतं, याचं उत्तर तो देत नाही. कांदा-लसूण आहे का, उपवासाला चालेल का, हेही सांगत नाही. हिरव्या ठिपक्याच्या शेवेत दोन्ही असू शकतात. पूजेच्या साहित्याच्या फळीवर तर एक निराळीच खूण दिसते. देवापुढच्या दिव्यासाठी विकलं जाणारं तूप किंवा तेल खाण्यासाठी नसतं. ते वनस्पतीचं असो वा दुधाचं, त्याच्यावर हिरवा गोल नसतो. काळ्या चौकोनात काळी फुली असते, म्हणजे हे माणसाच्या पोटात जाऊ देऊ नका. स्वयंपाकघरात दिव्याच्या तुपाचा डबा आणि वरणभातावरच्या तुपाचा डबा शेजारी शेजारी राहतात, आणि दोन्ही डब्यांवर लिहिलेलं असतं 'तूप'.