छत्तीस पिक्सेलांचा चंद्र

माघ शुद्ध चतुर्थीची, म्हणजे गणेश जयंतीची संध्याकाळ. ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मुळशीचं पाणी पश्चिमेला लांबवर पसरलेलं दिसतं, अशा एका जागी मी ट्रायपॉड लावून बसलो होतो. पुण्याचा उजेड पाठीमागे होता. समोर पाणी, पलीकडे डोंगरांची काळी रेघ आणि तिच्यावर चंद्राची कोर. पण वारा पडत नव्हता. पाणी सारखं हलत होतं आणि मला हवं असलेलं ताऱ्यांचं प्रतिबिंब मिळत नव्हतं. साडेआठला मी कंटाळून ४०० मिलिमीटरच्या लेन्सने नुसती कोर टिपून ठेवली. सव्वानऊच्या सुमारास ती डोंगराआड गेली. पावणेदहाला वारा पडला, पाणी काचेसारखं झालं, आणि २४ मिलिमीटरच्या लेन्सने मनासारखी चौकट मिळाली. तिच्यात सगळं होतं, फक्त चंद्र नव्हता.

घरी येऊन मी तो चंद्र त्या आकाशात बसवला आणि आईला दाखवला. ती वर्षानुवर्षं संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत आली आहे. म्हणाली, "अरे, हात लांब करून करंगळी धरली की चंद्र झाकतो. हा झाकायला तर परात लागेल." ४०० मिलिमीटरच्या फोटोतला चंद्र मी होता त्याच मापाने उचलून ठेवला होता. तो सहाशे पिक्सेल रुंद होता.

माप काढणं खरं तर सोपं आहे. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. लेन्सच्या फोकल लेंग्थला ११०ने भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. २४ला ११०ने भागलं तर ०.२२ मिलिमीटर. माझा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आहे आणि त्यावर ६००० पिक्सेल आहेत, म्हणजे त्या चौकटीत चंद्र साधारण ३६ पिक्सेलांचा. सहा हजारांत छत्तीस! पहिल्यांदा तो आकडा बघून मन खट्टू होतं. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा दिसतो ना, असा युक्तिवाद आपण स्वतःशी करू लागतो. पण तो मोठेपणा आपल्या नजरेचा आहे, कॅमेऱ्याला तो दिसत नाही. मोजायला गेलं तर क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा किंचित लहानच भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून थोडा अधिक दूर असतो. भव्य चंद्र हवा असेल तर डोंगरही लांब लेन्सनेच टिपायला हवा. मग चंद्राबरोबर डोंगरही मोठा होतो आणि दोघांचं नातं खरं राहतं.

कलेच्या बाबतीत तिथीने मला वाचवलं. चतुर्थीचा चंद्र सूर्यापासून चाळीसएक अंश दूर असतो आणि त्याचा आठवा हिस्साच उजळलेला असतो. एवढीशी कोर आकाश फार उजळवत नाही, म्हणून तिच्यासोबत भरपूर तारे दाखवले तरी ते खोटं वाटत नाही. तिथे पौर्णिमेचा चंद्र बसवला असता तर मागचे बारीक तारे पुसावे लागले असते, झाडांच्या सावल्या काढाव्या लागल्या असत्या, आणि तरीही रात्री पावणेदहाला तो पश्चिमेला काय करतोय, याला उत्तर नसतं. पुनवेचा चंद्र सूर्यास्ताला पूर्वेकडून वर येतो.

कोरीचा कलही तिथीइतकाच महत्त्वाचा. उजळ कड नेहमी सूर्याकडे असते. माघ-फाल्गुनात आपल्याकडे संध्याकाळी सूर्य चंद्राच्या जवळपास सरळ खाली बुडालेला असतो, त्यामुळे कोर होडीसारखी, दोन्ही टोकं वर करून पडलेली दिसते. आश्विनात तीच कोर उजवीकडे कलते. युरोपात काढलेली उभी कोर मुळशीच्या माघात आणून ठेवली, तर खोट कुठे आहे ते सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला ती खटकते.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो उजेडात. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. त्याचं एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचं, आणि ताऱ्यांसाठी मी शटर पंधरा सेकंद उघडं ठेवलेलं. त्या चौकटीत खरा चंद्र असता तर जळून नुसता पांढरा डाग झाला असता. म्हणजे तारे आणि चंद्रावरचे डाग एकाच फोटोत स्पष्ट दिसणं ही कॅमेऱ्याची नव्हे, डोळ्याची सवय आहे. मी मधला मार्ग धरला. कोर चौकटीतली सगळ्यात उजळ वस्तू राहील, उजळ कड जवळजवळ पांढरी होईल आणि डाग पुसट दिसतील इतपतच उजेड ठेवला. टेलिफोटोतला करकरीत कातरलेला काठही थोडा मऊ केला, कारण पंधरा सेकंदांत चंद्र स्वतःच्या व्यासाच्या आठव्या हिस्स्याएवढा सरकतो.

चंद्राचा अंधारा भाग काळा नसतो. आपल्या आणि त्याच्यामध्ये हवा आहे, आणि ती हवा आकाशाइतकीच उजळ आहे. फोटोतला काळा गोळा तसाच चिकटवला की आकाशाला भोक पडल्यासारखं दिसतं. चंद्राचा लेयर Screen मोडवर ठेवला की काळं गळून जातं आणि उजेड तेवढा आकाशात मिसळतो. मात्र त्यामुळे कोरीच्या कवेत आधीचे तारे चमकत राहतात. ते एकेक करून पुसावे लागतात, कारण तिथे चंद्राचा अख्खा गोळा आहे.

मग आभा. चंद्र क्षितिजावर चौदा अंशांवर होता, म्हणजे लांब धरलेल्या हाताची दीड मूठ. त्या उंचीवरून त्याचा उजेड डोक्यावरच्या चंद्राच्या तुलनेत चौपट हवेतून येतो, म्हणून रंगात पिवळसर झाक. आभेसाठी मी कोरीच्याच तीन प्रती घेतल्या आणि १५, ६० आणि २४० पिक्सेलांनी धूसर केल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा बरीच फिकी. एकच गोल धूसर डाग लावला तर तो दिव्याच्या काचेसारखा दिसतो. खरी आभा चंद्राला चिकटून दाट असते आणि पुढे लांबवर रेंगाळते. फेब्रुवारीत मुळशीच्या डोंगरांवर राब भाजल्याचा धूर असतो, म्हणून तिसरी प्रत थोडी सढळ ठेवली आणि तिचा अगदी पुसट अंश डोंगराच्या माथ्यावरही येऊ दिला. डोंगराच्या रेघेवर आभा कात्रीने कापल्यासारखी थांबली, की चिकटवलेलं लगेच उघडं पडतं. चंद्राला खळं मात्र पाडलं नाही. त्याला उंचावरचे बर्फकणांचे पातळ ढग लागतात आणि त्या रात्री ते नव्हते. हे सगळं १६ बिटमध्ये केलं, नाहीतर आभेत पायऱ्या पडतात. वरून मूळ फोटोत होती तेवढीच रवाळ खरखर टाकली.

पाणी शांत होतं, म्हणून प्रतिबिंब टाळता येणार नव्हतं. ते चंद्राच्या बरोबर खाली, क्षितिजापासून तेवढ्याच अंतरावर, उलटं, म्हणजे टोकं खाली. त्या कोनातून पाणी साधारण चौथा हिस्सा उजेड परत देतं, तेवढ्या हिशेबाने ते फिकं केलं.

आईने फोटो पुन्हा पाहिला आणि या वेळी चंद्राबद्दल काहीच बोलली नाही, पाण्याबद्दल बोलली. तरी एक चूक त्यात आहे आणि ती मला काढता येत नाही. चंद्र डोंगरावर जिथे आहे तिथे तो साडेआठला होता, तारे मात्र पावणेदहाचे आहेत. मधल्या वेळात आकाश जवळपास एकोणीस अंश फिरलं. माघ चतुर्थीचा चंद्र उत्तराभाद्रपदेच्या आसपास हवा, माझ्या फोटोत तो अश्विनीच्या दिशेला सरकला आहे. नक्षत्रं ओळखणारा माणूस ते पकडेल. म्हणून फोटोखाली मी दोन्ही वेळा लिहिल्या आहेत: चंद्र रात्री ८.३०, आकाश आणि पाणी रात्री ९.४५.