खर्च नेमका कोणत्या वर्षाचा?

सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांच्या हातात पावसाळ्यातच अहवाल पडतो. त्यात उत्पन्न-खर्च पत्रक असते आणि सभेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो: "विजेचा खर्च यंदा एवढा कसा वाढला?" खजिनदार बिलांची फाइल उघडतात. प्रत्येक बिल खरे असते, प्रत्येक पैसा महावितरणलाच गेलेला असतो, तरी आकडा चुकीचा असू शकतो. कारण पैसे कधी दिले हा एक प्रश्न आहे आणि खर्च कोणत्या वर्षाचा हा दुसरा.

1 एप्रिल ते 31 मार्च या काळात संस्थेने जी वीज जाळली, जे पाणी वापरले, जी सेवा घेतली, तो त्या वर्षाचा खर्च. पैसे त्या वर्षात दिले असोत वा नसोत. सेवा घेतली पण पैसे 31 मार्चपर्यंत दिले नाहीत, तर तो देणे खर्च. पैसे दिले पण सेवा पुढच्या वर्षात मिळणार आहे, तर तो आगाऊ खर्च. वर्षअखेरीस खजिनदार या दोन्हींच्या नोंदी करतात आणि लेखापरीक्षकाला त्या तपासायच्या असतात. ही तपासणी कशी होते, हे चाळीस सदनिकांच्या एका कल्पित संस्थेच्या 2024-25 च्या हिशोबातून पाहू.

विजेपासून सुरुवात करू. या संस्थेच्या सामायिक मीटरचे रीडिंग दर महिन्याच्या 18 तारखेला होते. म्हणजे मार्चमध्ये आलेले बिल 18 फेब्रुवारी ते 18 मार्च या काळाचे आहे. ते 16,900 रुपयांचे असून संस्थेने ते एप्रिलमध्ये भरले. बहुतेक संस्था एवढे बिल देणे खर्चात धरतात आणि तिथेच थांबतात. पण 18 मार्चनंतर 31 मार्चपर्यंत लिफ्ट चालली, पंप चालला, जिन्यात दिवे लागले. त्या तेरा दिवसांची वीज एप्रिलमध्ये आलेल्या बिलात दडलेली आहे. ते बिल 31 दिवसांचे आणि 18,600 रुपयांचे, म्हणजे दिवसाला 600 रुपये. तेरा दिवसांचे 7,800. तेव्हा 31 मार्च 2025 रोजी विजेचे देणे 16,900 नव्हे, 24,700 रुपये. म्हणून लेखापरीक्षक बिलाच्या तारखेवर थांबत नाही. बिलावर छापलेली मागील आणि चालू रीडिंगची तारीख तो आधी वाचतो.

आता वर्षभराचा खर्च काढू. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या काळात संस्थेने विजेपोटी प्रत्यक्ष 2,09,400 रुपये भरले. त्यात एप्रिल 2024 मध्ये भरलेले बिल आदल्या वर्षाच्या विजेचे होते, आणि मेमध्ये भरलेल्या बिलातले पहिले तेरा दिवसही आदल्याच वर्षाचे. या दोन्हींसाठी मागील ताळेबंदात 22,300 रुपये देणे दाखवले होते. म्हणून भरलेल्या रकमेत यंदाचे देणे 24,700 मिळवायचे आणि मागचे 22,300 वजा करायचे. उत्तर येते 2,11,800 रुपये. हाच 2024-25 चा खरा वीजखर्च.

सर्वात जास्त चूक होते ती या वजाबाकीत. यंदाचे देणे खजिनदार आठवणीने धरतात, पण वर्षाच्या सुरुवातीला मागची नोंद उलटवायची राहून जाते. एप्रिलमधले बिल भरताना ते जुन्या देण्याला नावे न टाकता सरळ वीजखर्चाला नावे पडते. मग खर्च दिसतो 2,34,100. एकच बिल दोन वर्षांत दोनदा खर्चात बसते. ही चूक पकडायला दोन खुणा आहेत. पहिली अशी: महिन्याची सरासरी 17,650 रुपये असताना 2,34,100 म्हणजे तेरा महिन्यांहून अधिकची वीज झाली. वर्षाचे महिने बाराच असतात, तेव्हा आकडा स्वतःच चूक सांगतो. दुसरी खूण ताळेबंदात सापडते. देणे खर्चाच्या यादीत गेल्या वर्षाचे 22,300 जसेच्या तसे पडून असतात. महावितरणची जुनी थकबाकी नाही, तरी वहीत देणे उभे. यादीत एखादी रक्कम वर्षभर जागची हलली नसेल, तर तिच्यामागे बहुधा अशीच न उलटवलेली नोंद असते. म्हणून तपासणीची पहिली पायरी ही की, मागील वर्षाची देणे आणि आगाऊ खर्चाची यादी समोर घ्यायची आणि तिच्यातली प्रत्येक ओळ यंदा कुठे मिटली ते खतावणीत शोधायचे.

देणे खर्च तपासताना कोणत्या दिशेने जायचे, यालाही महत्त्व आहे. यादीतल्या प्रत्येक रकमेचे बिल पाहिले की यादीत आहे ते खरे आहे एवढे कळते. यादीत यायला हवे होते आणि आले नाही, ते अशाने कधीच कळत नाही. त्यासाठी उलट दिशेने यावे लागते. एप्रिल, मे आणि जूनची पेमेंट व्हाउचर एकेक करून उघडायची आणि प्रत्येकाला विचारायचे: ही सेवा कधी घेतली? सुरक्षा एजन्सीचे 1 एप्रिलचे बिल मार्चच्या पहाऱ्याचे असते. पालिकेच्या पाण्याचे बिल मे महिन्यात आले तरी त्यात जानेवारी ते मार्चचा वापर असू शकतो. टाकी साफ करणाऱ्याचे, प्लंबरचे मार्चमधले काम एप्रिलच्या बिलात येते. बिलांच्या फाइलमध्ये मंजूर न झालेली बिले वेगळी ठेवलेली असतात, तीही पाहायची. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात एखाद्या कंत्राटदाराशी रकमेवरून वाद चालू असल्याचा उल्लेख असेल, तर त्याचे काम झाले आहे पण बिल वहीत आलेले नाही, अशी शक्यता तपासावी लागते.

याउलट देणे फुगवण्याचाही मोह होतो. वर्षअखेर शिल्लक मोठी दिसते आणि समिती म्हणते, रंगकामाचे अंदाजपत्रक आलेच आहे, तरतूद करून टाकू. समजा चार जिन्यांच्या रंगकामाचे कंत्राट 3,60,000 रुपयांचे आहे आणि 31 मार्चपर्यंत एकच जिना पूर्ण झाला आहे. चारही जिने सारखे असतील, तर यंदाचा खर्च 90,000. उरलेले 2,70,000 पुढच्या वर्षाचे, मग कंत्राटावर सही फेब्रुवारीत झालेली असो. दरपत्रक किंवा कार्यादेश एवढ्यावर खर्च होत नाही, तो काम झाल्यावर होतो. काम किती झाले याचा पुरावा म्हणजे पर्यवेक्षकाचे मोजमाप आणि प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीत रंगाऱ्यांची माणसे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येत होती त्याची नोंद. पुढील वर्षी मोठा खर्च येणार आहे म्हणून पैसे राखायचे असतील, तर ते निधीत वर्ग करण्याची वेगळी वाट आहे. ते पैसे खर्च म्हणून दाखवणे बरोबर नाही.

आगाऊ खर्चात विमा हे सर्वात स्वच्छ उदाहरण. संस्थेची पॉलिसी 15 ऑगस्ट 2024 ते 14 ऑगस्ट 2025 या काळाची, हप्ता करासह 73,000 रुपये. दिवस 365, म्हणजे दिवसाला 200. 15 ऑगस्ट ते 31 मार्च हे 229 दिवस होतात, त्यांचा खर्च 45,800. उरलेले 136 दिवस पुढच्या वर्षात पडतात, त्यांचे 27,200 रुपये आगाऊ. पण यंदाच्या विम्याचा खर्च 45,800 एवढाच नाही. 1 एप्रिल ते 14 ऑगस्ट 2024 हा काळ जुन्या पॉलिसीने सांभाळला होता. तिचा हप्ता 65,880 रुपये होता आणि फेब्रुवारी 2024 मध्ये 29 दिवस असल्यामुळे तिचे दिवस 366, दिवसाला 180. तिचे 136 दिवसांचे 24,480 रुपये गेल्या ताळेबंदात आगाऊ म्हणून होते. ते यंदा खर्चात यायला हवेत. म्हणून विम्याचा एकूण खर्च 70,280. जुने आगाऊ खर्चात आणायचे राहिले, तर 24,480 रुपये ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसून राहतात, जरी त्या पॉलिसीची मुदत केव्हाच संपली आहे. म्हणून आगाऊ खर्चाच्या प्रत्येक ओळीला विचारायचे: 31 मार्चनंतर यातून संस्थेला काही मिळायचे उरले आहे का? नसेल, तर ती मालमत्ता नाही.

राहिलेले आगाऊ खर्च शोधायला विमा, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, सीसीटीव्ही, अग्निशमन यंत्रणा, सॉफ्टवेअर ही खाती चाळायची आणि वर्षाहून वेगळी मुदत असलेला प्रत्येक करार उघडून पाहायचा. करार आगाऊ हप्त्याचा की काम झाल्यावर पैसे देण्याचा, हे त्याच कागदावर असते. लिफ्टची कंपनी तिमाही संपल्यावर बिल पाठवत असेल, तर तिथे आगाऊ काहीच नाही, उलट देणे आहे. महावितरणकडची सुरक्षा ठेव मात्र या यादीत येत नाही. ती परत मिळायची ठेव आहे आणि दिवस उलटले म्हणून तिचा खर्च होत नाही.

बिल आलेलेच नसेल तेव्हा अंदाज करावा लागतो. पाण्याच्या बाबतीत गेल्या वर्षाच्या त्याच तिमाहीचा वापर आणि चालू दर यावरून तो करता येतो, पण कसा केला ते कागदावर हवे. नंतर खरे बिल आले की फरक किती पडला तेही पाहायचे. फरक दरवर्षी एकाच बाजूला पडत असेल, तर अंदाजाची पद्धतच चुकीची आहे. दुसरीकडे, वर्तमानपत्राच्या वर्गणीचे तीन महिन्यांचे आगाऊ काढत बसण्याची गरज नाही. लहान रकमा सरळ खर्चात टाकाव्यात, मात्र कोणत्या रकमेखाली असे करायचे ते ठरवून दरवर्षी तेच पाळावे.

संस्थेचे लेखापरीक्षण जुलैअखेर पूर्ण व्हायचे असते. तोपर्यंत मार्चची जवळपास सगळी बिले, ती भरल्याचे व्हाउचर आणि पॉलिसी हातात आलेल्या असतात. म्हणून सभासदाने सभेत एवढेच मागावे: मागील वर्षाची देणे आणि आगाऊ खर्चाची यादी, यंदाची यादी आणि एप्रिल ते जूनच्या पेमेंटचा तपशील. हे तीन कागद शेजारी ठेवले की वीज खरोखर वाढली की एकच बिल दोनदा मोजले गेले, हे कुणाच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागत नाही. आणि पुढच्या वर्षाचा देखभाल आकार ठरवायचा तो याच आकड्यावर, म्हणून हा प्रश्न आकार ठरवण्याच्या ठरावाआधी विचारायचा.