भित्तिपत्रकातला कामगार

दरसाल ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला म्हणजे कारखान्याकारखान्यांतून नव्या भित्तिपत्रकांची तजवीज सुरू होते. अशाच एका कारखान्याच्या सुरक्षा समितीपुढे चित्रकाराने आणलेला कच्चा नमुना पाहण्याचा योग मला आला. ड्रिल मशीनपुढे उभा असलेला एक हसतमुख तरुण, त्याच्या डोक्यावर किंचित मागे सरकलेले पिवळे हेल्मेट, अंगात पुढून उघडे जाकीट, त्यावर भर दुपारी विजेसारखे लखलखणारे पट्टे आणि हातांत जाड हातमोजे, असे ते चित्र होते. समितीने पसंतीची मान डोलावली, आणि तीत माझीही मान होती, हे कबूल केले पाहिजे. हरकत घेतली ती कोपऱ्यात बसलेल्या यंत्रशाळेच्या मुकादमाने. ‘‘साहेब, या पोराचा हात जाणार,’’ एवढेच तो म्हणाला.

हातमोजा सर्वत्र हाताचे रक्षण करतो, या समजुतीइतकी निरुपद्रवी दिसणारी आणि घातक ठरणारी समजूत दुसरी क्वचितच असेल. फिरत्या ड्रिलच्या टोकाला मोज्याचा एक धागा किंवा बोटाचे सैल टोक गुंतले, की कापड फाटून सुटण्याऐवजी दोरीसारखे पिळत जाते, आणि त्यामागून बोट, मनगट, कित्येकदा कोपरही ओढले जाते. मोजा जितका चिवट, तितकी सुटका अवघड. उघड्या बोटाला जखम होईल, पण ते निसटण्याचा संभव तरी राहतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमाने चालू यंत्राजवळच्या विशिष्ट कामांसाठी घट्ट बसणाऱ्या कपड्यांची अट घातली, तिच्यामागेही हीच भीती होती. ड्रिलचा कीस काढायचा तो यंत्र थांबवून आणि ब्रशने. मोजा घालून हाताने नव्हे. चित्रातले उघडे, लोंबते जाकीटही त्याच न्यायाने सदोष ठरत होते.

परावर्तक जाकिटाविषयी चित्रकाराची कल्पना अशी होती, की पट्टे स्वयंप्रकाशी असतात. वास्तविक जाकिटात दोन निरनिराळी द्रव्ये दोन निरनिराळी कामे करतात. पिवळसर हिरवे किंवा नारिंगी कापड सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य रंगात रूपांतर करते, म्हणून ते दिवसा आणि विशेषतः संधिप्रकाशात उठून दिसते. काळोखात ते निरुपयोगी असते. करड्या पट्ट्यांत काचेचे सूक्ष्म मणी किंवा तितकेच सूक्ष्म लोलक बसवलेले असतात, आणि ते प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत धाडतात. म्हणून ट्रकच्या दिव्यांमागे बसलेल्या चालकाला पट्टा झगझगीत दिसतो, तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तोच पट्टा निस्तेज वाटतो. दुपारच्या चित्रात तो राखाडीच रंगवला पाहिजे. छायाचित्र घ्यायचे असेल तर भिंगालगतच्या फ्लॅशने पट्टे पांढरेफट्ट होतात. दिवा बाजूला नेला की ते शमतात. पट्टे अंगाभोवती पूर्ण वेढा घालतील अशा बेताने शिवलेले असतात, तेव्हा जाकीट पुढून उघडे ठेवले की समोरच्या चालकापुरता तो वेढा तुटलाच.

हेल्मेटबाबत दोष बारीक होता. टणक कवचच डोके वाचवते, असे मानले जाते, आणि म्हणून चित्रकार ते गांधी टोपीसारखे कवटीला चिकटवून काढतात. प्रत्यक्षात कवच आणि डोके यांच्यामध्ये पट्ट्यांची एक जाळी असते. वरून पडलेल्या वस्तूचा आघात ही जाळी किंचित ताणली जाऊन डोक्यावर सर्वत्र वाटते, आणि तिच्यासाठी राखलेली मोकळी जागाच तिला ताणण्यास अवसर देते. त्या जागेत तंबाखूची पुडी किंवा मोबाईल ठेवण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. तसे करणारा माणूस ती पुडी आपल्या टाळूवर आदळण्याची सोयच करून ठेवतो. सबब खरे हेल्मेट चित्रात थोडे उंच, जवळजवळ बेढब दिसले पाहिजे. त्याची कड भुवयांच्या वर आडवी, पुढेमागे न झुकलेली, आणि हनुवटीचा पट्टा लावलेला हवा.

आता चित्रकार रास्तच चिडला. मथळ्यात हेल्मेट, जाकीट आणि हातमोजे अशी तिन्ही नावे असताना मोजे काढून टाकायचे कसे, असा त्याचा सवाल होता. तोड मुकादमानेच काढली : पोशाख राहू द्या, काम बदला. ड्रिल मशीन पुसले गेले आणि तरुण माल उतरवण्याच्या आवारात आला, जिथे ट्रकची ये-जा असल्याने जाकीट लागते, वर क्रेन असल्याने हेल्मेट लागते, आणि पत्र्याच्या धारदार कडा उचलायच्या असल्याने मोजेही लागतात. मात्र ते मोजे साधे सुती असून चालणार नव्हते, कारण पत्र्याची धार सुताला जुमानत नाही. चित्रात काप रोखणाऱ्या धाग्याचे, तळव्यावर रबरी लेप असलेले, मनगटापाशी घट्ट बसणारे मोजे आले. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली गेली आणि पट्ट्यांवरचा लखलखाट राखाडी रंगाखाली गेला. दुसरा नमुना पहिल्याइतका देखणा नव्हता, असे समितीतल्या एका सभासदाचे मत पडले. मुकादमाने मात्र तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि पत्रा धरलेल्या मुलाचा अंगठा धारेपासून थोडा मागे घ्या, असे सुचवले.