विचारलं एक, उत्तर भलत्याचंच

समजा, एका खातेदाराने 3 मार्चला एटीएममधून दहा हजार रुपये काढायचा प्रयत्न केला. नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम मात्र वजा झाली. ती 12 मार्चला परत जमा झाली. त्यानंतर तो बँकेला सविस्तर पत्र लिहितो. कोणतं एटीएम, किती वाजता, किती फोन केले, सगळं त्यात असतं आणि शेवटची ओळ असते : ‘पैसे उशिरा आले, त्याची भरपाई का मिळाली नाही?’

उत्तराचा मसुदा तयार होतो : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली रु. 10,000 ही रक्कम 12 मार्च रोजी खात्यात जमा करण्यात आली आहे. तक्रारीचे निराकरण झाले आहे.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण रक्कम जमा झाली का, हे खातेदाराने विचारलंच नव्हतं. ते त्याला पासबुकातच दिसलं होतं.

घोटाळा बहुधा मसुदा लिहायच्या आधीच होतो. तक्रार नोंदवताना ‘एटीएममधून रोख मिळाली नाही’ हा प्रकार निवडला जातो. कर्मचारी पडद्यावर व्यवहाराची स्थिती पाहतो, रक्कम परत गेलेली दिसते आणि त्या प्रकारासाठी ठरलेला मजकूर तो उचलतो. पत्राच्या शेवटच्या ओळीपर्यंत कुणी पोहोचतच नाही. संगणकावर तक्रार ‘बंद’ होते आणि खातेदाराला पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहावं लागतं. हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

कारण त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. तीही खातेदाराने मागण्याची वाट न पाहता. इथे मुदत 8 मार्चला संपली, म्हणजे उशीर चार दिवसांचा आणि भरपाई 400 रुपये.

मसुदा तपासणाऱ्याने मूळ पत्र बाजूला ठेवून फक्त उत्तर वाचावं आणि त्यावरून प्रश्न ओळखून पाहावा. वरच्या उत्तरावरून ‘माझे पैसे कुठे आहेत?’ एवढाच प्रश्न निघतो. मग पत्रातलं प्रश्नचिन्ह शोधून दोन्ही ताडून पाहिले, की चूक लगेच हाती लागते.

सुधारलेला मसुदा असा होईल : ‘होय, आपल्याला भरपाई देय आहे. मुदत 8 मार्चला संपली, रक्कम 12 मार्चला जमा झाली. चार दिवसांचे 400 रुपये आज खात्यात जमा केले आहेत.’ दिलगिरी त्यानंतर. अर्थात, पैसे खरोखर जमा केल्यावरच हे पत्र पाठवायचं. मंजुरी वरिष्ठांकडे अडकली असेल, तर तसं स्पष्ट लिहून निर्णयाची तारीख द्यायची.

आणि खातेदारानेही तो प्रश्न पहिल्याच ओळीत लिहिला, तर तो नजरेतून सुटण्याची शक्यता बरीच कमी होते.