निळे कोठे जाते?

दिवाळीची सुटी संपली, तेव्हा धाकट्या भावाला साताऱ्यातील आमच्या वसतिगृहात पोहोचविण्यास सांगलीहून त्याची ताई आली होती. ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकत असे. अंगणात बसल्या बसल्या भावाने वर बोट दाखविले आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकले, "समुद्राचा रंग वर उमटतो, म्हणून आकाश निळं. होय ना ताई?"

"साताऱ्याला कुठला आलाय समुद्र? तरी इथलं आकाश निळंच आहे की!" असे म्हणून तिने काचेची बरणी, पाणी आणि चमचाभर दूध मागविले. आम्हीही कुतूहलाने तिच्यामागून खोलीत शिरलो.

खिडक्या लावून तिने पाण्यात दुधाचे चार थेंब ढवळले व एका बाजूने विजेरीचा झोत सोडला. झोताच्या आडून पाहता पाणी किंचित निळसर दिसले. समोरून, झोताच्या रोखाने पाहता विजेरीचा दिवा पिवळट-नारिंगी भासला. भावाने उत्साहाने उरलेले सारे दूध ओतले, आणि बरणी नुसती पांढरी झाली. "हा झाला ढग," ताई म्हणाली. कण मोठे किंवा फार दाट झाले, की सर्वच रंग विखुरतात आणि मिळून पांढरे दिसतात.

हवेचे रेणू मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीहून फारच लहान असतात. अशा कणांवर आखूड तरंग अधिक विखुरतात. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणे सोळा पट होते, हा नियम रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. त्यामुळे निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतो आणि चहूबाजूंनी आपल्या डोळ्यांत येतो.

"मग जांभळा तर आणखी विखुरेल. आकाश जांभळं का नाही?" भावाचा हा प्रश्न आम्हांस फार आवडला. सूर्यप्रकाशात जांभळा अंश निळ्याहून कमी असतो आणि आपला डोळाही त्याला मंदच प्रतिसाद देतो, असे तिने सांगितले.

तोवर सूर्य यवतेश्वराच्या डोंगराकडे कलला होता. माथ्यावरच्या सूर्याचा किरण हवेचा थर उभा कापून येतो. क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणाला मात्र त्याच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या वाटेत निळे गळून जाते, तांबडे तेवढे पोहोचते. येताना त्या दोघांनी पाचट जाळल्याचा धूर पाहिला होता. असा विरळ, बारीक कणांचा धूर मावळती अधिकच लाल करतो. धूर दाट झाला, तर मात्र सूर्य फिका पडून मळकट दिसतो.

"ताई, गळालेलं निळं जातं कुठं?"

तिने पश्चिमेकडे पाहिले. "आपला किरण कोकणावरून, समुद्रावरून येतोय. तिकडं नावेत बसलेल्यांचं आकाश अजून निळं असेल. त्यातलं थोडं आपलंच."