बावीस पाकिटांची एक ओळ

सकाळी साडेनऊला शटर वर जातं आणि पाठोपाठ स्टॉकिस्टचा मुलगा खोकी घेऊन येतो. "ताई, पाच बिलं आहेत, सही द्या." सही मिळते ती खोकी मोजून, आत काय आहे ते पाहून नव्हे. गिऱ्हाईक उभं असताना बॅच तपासत बसता येत नाही. तो माल मी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते आणि खरेदीची नोंद होईपर्यंत त्यातलं एकही पाकीट विकू देत नाही.

अकरा ते एक काउंटरवर गर्दी असते. बिलं पिनेत अडकलेली.

दीड वाजता दुकान शांत झालं की मी आधी पैशाचे रकाने वाचते, कारण तिथे हिशेबच साक्ष देतो. आजची एक ओळ अशी: ॲसिडिटीच्या गोळ्या, वीस पाकिटं आणि दोन फ्री, एमआरपी 105, रेट 80, जीएसटी 5 टक्के. एमआरपीत कर धरलेला असतो. 105 ला 1.05 ने भागलं की 100 येतात. किमतीचं सरकारी नियंत्रण नसलेल्या औषधांवर दुकानदाराला साधारण 20 टक्के सुटतात, म्हणून रेट 80. प्रिंट पुसट असून 80 चे 60 दिसले, तर ते इथेच कळतं. मात्र नियंत्रित औषधांवर 16 टक्केच सुटतात. तिथे शंभराला रेट 80 च्या थोडा वर दिसला तर ती चूक नसते.

पुढे 80 गुणिले 20 म्हणजे 1600, त्यावर सीजीएसटी 40 आणि एसजीएसटी 40, एकूण 1680. फ्रीची दोन पाकिटं रकमेत येत नाहीत, पण साठ्यात यायलाच हवीत. संख्येत नुसतं 22 भरलं तर रक्कम फुगून 1848 होते. 20 भरून फ्रीचा रकाना विसरला तर दोन पाकिटं कपाटात असूनही नोंदीत नसतात.

अडीच वाजता बॅच आणि एक्स्पायरी. या दोन रकान्यांना हिशेबाचा आधार नाही. बी की आठ, ओ की शून्य, हे कोणताही गुणाकार सांगत नाही. म्हणून पाकीट हातात घेऊनच वाचायचं. पूर्वी मी बिलावरूनच भरायचे. मग केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या दर महिन्याच्या यादीत निकृष्ट ठरलेली एक बॅच आली. संगणकात शोधली, सापडली नाही, निर्धास्त झाले. चार दिवसांनी कपाट आवरताना तीच पाकिटं हाताला लागली. मी बी च्या जागी आठ भरला होता. त्या चार दिवसांत त्यातली किती गेली, कोणाला गेली, हे नोंदीवरून मला सांगता आलं नाही. ते अजून सलतं.

आज त्या बावीस पाकिटांपैकी बारांवर बिलातलीच बॅच होती, एक्स्पायरी फेब्रुवारी 2028, म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. उरलेल्या दहांवर एमआरपी 112 दिसली आणि हात थांबला. बॅच वेगळी, एक्स्पायरी जून 2027. माल 22 सप्टेंबर 2025 च्या आधीचा. त्या दिवशी या औषधावरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. 112 ला 1.12 ने भागलं तरी 100 च येतात आणि रेट तोच 80. म्हणून बिलाच्या बेरजेत एका पैशाचाही फरक नाही आणि नुसतं बिल वाचून ही चूक कधीच सापडली नसती.

किमतीचा प्रश्न सोपा आहे. नव्या दरपत्रकाप्रमाणे विकलं तर जुन्या मालावर नवं लेबल लावण्याची सक्ती नव्हती. पाकिटावर 112 असलं तरी रुग्णाकडून 105 च घ्यायचे. खरी अडचण पुढे येते. हा माल 2027 मध्ये मुदत संपून परत गेला, तर स्टॉकिस्ट आपल्या विक्रीत ती बॅच शोधणार. आम्हाला विकल्याची नोंद नसेल तर परतावा नाकारणार. शिवाय बावीसही पाकिटं 2028 ची म्हणून नोंदली, तर संगणक या दहांची मुदत संपताना इशाराच देणार नाही.

चार वाजता फोन केला.

"ताई, गोडाऊनमधून दोन लॉट एकत्र उचलले गेले असतील. रक्कम तर तीच आहे, चालवून घ्या ना."

"रक्कम नाही हो, बॅच बदलून द्या. बारा आणि दहा अशा दोन ओळी करा."

"बरं, उद्याच्या गाडीला दुरुस्त बिल पाठवतो."

संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा काउंटर. मध्येच एका आजोबांना याच गोळ्या हव्या होत्या. आधी नोंदलेल्या साठ्यातलं एक पाकीट दिलं.

साडेनऊला चार बिलं फाइलमध्ये गेली. पाचवं अजून पिनेत आहे. दहा पाकिटं रबर लावून खालच्या कप्प्यात ठेवली, वर चिठ्ठी: "दुरुस्त बिल आल्याशिवाय विकू नये." त्याखाली पाकिटावरून एकेक अक्षर बघत बॅच लिहिली आणि शटर ओढलं.